१ जानेवारी ते ३० जून

पहाटे ६. उपाशीपोटी तीन गोळ्या. वजन ४६ किलो, म्हणून तीन. पन्नास किलो असतं तर चार. फुप्फुसाच्या टीबीचा उपचार सुरू होऊन आज अठरा दिवस झाले. औषधाने लघवी नारिंगी होते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी भलतीच घाबरले होते.

८. अंगणात खुर्ची टाकून अर्ज लिहायला घेतला. बाहेर आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मी कोल्हापूरला पीएच.डी. करते, मातीतल्या बुरशींवर. यूजीसीची जेआरएफ आहे, महिना ३७,००० आणि वर घरभाडं. लिहिलं, ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे एका सत्राची रजा मिळावी व शिष्यवृत्ती चालू ठेवावी, ही विनंती.’ दोन ओळींत काम झालं, असं वाटलं.

९.३०. शेजारचे तात्या आले. उभी हयात त्यांनी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात घालवली. कागद लांब धरून वाचला.

‘हे नामंजूर व्हायसाठी लिवलंयस का, पोरी?’

‘काय चुकलं, तात्या?’

‘चालू ठेवावी म्हणजे काय? तू घरी आणि पगार चालू? वर्षाला ३० दिवसांची रजा हाय तुला. त्याच्यावर सहा महिनं पैसे मागितलंस की पहिल्या टेबलावरच अडकतंय. पैसे थांबवा म्हण. नाव काढू नका म्हण.’

मर्म तिथेच होतं. शिष्यवृत्ती टिकवणं वेगळं, पैसे चालू ठेवणं वेगळं. पैसे विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर पुष्टी भरल्यावर येतात. रजेची नोंद नसताना कुणी सवयीने पुष्टी भरली, तर पैसे जमा होतात आणि नंतर वसुली निघते. माझ्या ओळखीच्या एकाने असे चार महिन्यांचे पैसे परत भरलेत. तेही खर्च झाल्यावर.

११. सरकारी दवाखाना. खरी अडचण इथे होती. प्रमाणपत्रावर नुसतं ‘क्षयरोग, ६ महिने औषधोपचार’ असं होतं. सहा महिने औषध म्हणजे सहा महिने रजा, हे कुठलीच कचेरी मान्य करणार नाही, आणि तिचं चूकही नाही. नीट औषध घेतलं तर बहुतेक रुग्णांपासून काही आठवड्यांत संसर्गाचा धोका उरत नाही. लोक गोळ्या घेत नोकरी करतात. मग मला घरी का बसायचं?

डॉक्टरांना म्हटलं, मी दिवसभर बुरशीच्या बशा उघडते. त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. उजवीकडे वर पोकळी आहे. अशा पोकळीत बुरशीचे बीजाणू जाऊन वाढू शकतात. त्यांनी खाली लिहून दिलं : ‘उपचार पूर्ण होईपर्यंत बुरशी हाताळण्याचे प्रयोगशाळेतील काम टाळावे. ३० जूननंतर पुनर्तपासणी.’ अख्खी रजा या एका वाक्यावर उभी आहे.

१२. अर्ज नव्याने लिहिला. मा. कुलसचिव यांना, मार्गदर्शकांमार्फत. दोनऐवजी चार मागण्या :

‘१) दि. १ जानेवारी ते ३० जून वैद्यकीय रजा मिळावी. २) या काळातील अधिछात्रवृत्ती व घरभाडे अदा करू नये, मात्र अधिछात्रवृत्ती रद्द न करता, रुजू झाल्यावर पूर्ववत सुरू करावी. ३) या सत्राचा प्रगती अहवाल संशोधन सल्लागार समितीपुढे रुजू झाल्यानंतर मांडण्यास परवानगी मिळावी. ४) ३१ मे रोजी दोन वर्षे पूर्ण होत असल्याने वरिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठीचे मूल्यमापन रुजू झाल्यानंतर व्हावे.’

चौथी मागणी तात्यांनाही सुचली नव्हती. दोन वर्षांनी समिती काम तपासते आणि मग ४२,००० लागू होतात. ती तारीख रजेतच पडते. तेव्हा कुणी ‘उमेदवार अनुपस्थित’ असा शेरा मारला, तर तो पुसायला वर्ष जातं.

रजा घेतली तरी एक नुकसान ठरलेलं आहे. नोंदणीला सहा वर्षं मिळतात, स्त्रियांना वर दोन वर्षांची सवलत. पण फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षांची. नोंदणीची मुदत वाढली म्हणून फेलोशिपची वाढत नाही. शेवटची काही पानं मी बहुधा बिनपैशाने लिहीन. ते पत्करलं.

१. भाऊ कोल्हापूरला निघाला. दोन प्रती, प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. मूळ प्रमाणपत्र घरीच.

३.१५. मार्गदर्शक मॅडमचा फोन. शिफारस लिहिली : ‘शिफारस करते. नमुन्यांची देखभाल प्रयोगशाळेतील सहकारी करतील.’ हे मी मागितलं नव्हतं. बशांमधल्या बुरशीला रजा नसते.

४.४०. भावाने दुसऱ्या प्रतीचा फोटो पाठवला. आवक क्रमांक, गोल शिक्का, तारीख २७ डिसेंबर. जानेवारीची पुष्टी अजून भरलेली नाही.