माईची चार कार्डं

यंदा भाच्याच्या मुंजीची एक पत्रिका पोस्टातून परत आली. पाकिटावर पोस्टमनचा शेरा होता, घर सोडून गेले. पत्ता सदाशिव पेठेतल्या वाड्याचा. तो वाडा पाडून दोन वर्षं झाली आणि माई मावशी तेव्हापासून कोथरूडला राहते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आईने तर नवा पत्ता स्वतः आपल्या फोनमध्ये घालून ठेवला होता. पण पाकिटांवर पत्ते लिहायला बसली माझी बहीण. तिने आईचा फोन घेतला, Mai Mav एवढं टाइप केलं, जे कार्ड आलं त्यावरचा पत्ता उतरवला आणि पुढचं पाकीट घेतलं. बरोबर पत्ता त्याच फोनमध्ये होता, फक्त दुसऱ्या कार्डावर.

त्या रात्री मी आईचा फोन घेऊन बसलो, तेव्हा एकट्या माईची चार कार्डं निघाली. पहिलं नुसतं Mai. ते जुन्या बटणांच्या फोनवरून सिमबरोबर आलेलं. सिमवरच्या नोंदीत साधारण एक नाव आणि एक नंबर एवढंच मावायचं, म्हणून पत्त्याचा प्रश्नच नव्हता. नंबरामागे शून्य लावलेलं होतं. दुसरं कार्ड देवनागरीत ‘माई’, हे आईने मराठी कीबोर्डवर केलेलं. त्यात तोच मोबाइल नंबर +91 लावून होता आणि कोथरूडचा पत्ताही होता. तिसरं Mai Mavshi, हे माझ्या हातचं. काही वर्षांपूर्वी माझ्या फोनमधले नंबर मी फाइल करून आईच्या फोनमध्ये भरले, त्यात आलेलं. त्यात वाड्याचा पत्ता, वाड्याचा लँडलाइन, मोबाइल आणि वाढदिवस. चौथं Mai Kothrud, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कार्ड जसंच्या तसं सेव्ह केलेलं.

एका माणसाची चार कार्डं होतात ती अशी. आई माईला ‘माई’ म्हणते, आम्ही ‘माई मावशी’ म्हणतो, आणि एकाच फोनमध्ये दोन पिढ्या आपापल्या नात्याने नावं घालतात. एक रोमन लिपीत, एक देवनागरीत. नावावरून ही कार्डं एकमेकांना सापडणं कठीण, सापडली तर नंबरावरून.

आईचा फोन अँड्रॉइड आहे आणि त्यात गुगलचं कॉन्टॅक्ट्स अ‍ॅप आहे. त्यात `Organize` नावाचा भाग आहे आणि त्यात `Merge & fix`. तिथे फोन आपणहून जोड्या सुचवतो. पण त्याआधी दोन कामं केली. पहिलं, तिथल्याच `Export to file` ने सगळ्या नंबरांची एक प्रत काढून स्वतःला मेल केली. दुसरं, कुठलं कार्ड कुठे साठवलंय ते पाहिलं. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोनच्या यादीत सगळी नावं एकत्र दिसली तरी त्यांची घरं वेगळी असतात. काही गुगल खात्यात, काही नुसती फोनमध्ये, काही सिमवर. विलीनीकरण एकाच खात्यातल्या कार्डांचं होतं. सिमवरचं Mai सूचनेत आलंच नाही, ते `Import from SIM` करून आधी खात्यात आणावं लागलं. असं आणलं तरी सिमवरची मूळ नोंद तिथेच राहते. त्यामुळे पुढच्या वेळी फोन बदलताना कुणी पुन्हा सिम इम्पोर्ट केलं की तीच नावं परत येतात. आमच्याकडे बरीचशी दुप्पट नावं अशीच झाली होती.

मग सूचना उघडल्या. Mai, माई आणि Mai Mavshi या तिघींची जोडी मोबाइल नंबरावरून बरोबर जमली होती. त्याच्याच खाली आणखी एक सूचना होती, Mai Mavshi आणि Wada Kaka एकच आहेत का? काका म्हणजे माईचे दीर. वाड्यात दोघांच्या बिऱ्हाडांना एकच लँडलाइन होता, आणि मी तो दोघांच्याही कार्डावर घातला होता. फोनला नंबर जुळला एवढंच कळलं. इथे `Merge all` दाबलं असतं तर माई आणि काका एका कार्डात गेले असते आणि आईने काकांना लावलेला फोन माईने उचलला असता. म्हणून ते बटण मी कुणालाच दाबू देत नाही. ज्या घरांत अजून एका लँडलाइनवर चार माणसं आहेत, किंवा नवऱ्याच्या मागे त्याचा मोबाइल बायको वापरते आहे, तिथे हे हमखास होतं. एकेक जोडी उघडून दोन्ही कार्डांवरचं सगळं वाचायचं आणि मगच `Merge`.

चौथं कार्ड, Mai Kothrud, सूचनेत आलं नव्हतं, कारण त्यातला नंबर वेगळाच होता. हाताने विलीन करता येतं. एका नावावर बोट दाबून धरायचं, दुसरं नाव निवडायचं, कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून `Merge` घ्यायचं. मी बोट ठेवणार तेवढ्यात आई म्हणाली, “अरे थांब, त्या नंबरावर लावलं की दर वेळी तिची सून उचलते.” खरंच, तो सुनेचा नंबर होता. सुनेने आपलं कार्ड पाठवताना, घरातल्यांना कळावं म्हणून कुणीतरी नाव तसं ठेवलं होतं. ते कार्ड विलीन केलं नाही, सुनेच्या नावाने बदललं.

आता माईचं एकच कार्ड उरलं. आणि तिथेच खरी अडचण समोर आली. ते उघडलं तर आत दोन पत्ते, दोन्हींवर Home असंच लेबल, आणि त्यात वाड्याचा पत्ता वर.

विलीनीकरणाबद्दल हेच मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. फोन दोन कार्डं जोडतो तेव्हा तो बेरीज करतो, निवड करत नाही. एका कार्डावर जे आहे तेही ठेवतो, दुसऱ्यावरचंही ठेवतो. दोन वर्षांपूर्वी आईने ‘माई’ या कार्डावर पत्ता नीट केला होता, तो जुना पत्ता मी विलीनीकरण करून पुन्हा तिच्या शेजारी आणून बसवला. फोनला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कार्डावर तारीख नसतेच. कार्ड फाइलमध्ये काढलं की पत्त्याची ओळ अशी दिसते:

```
ADR;TYPE=home:;;Sadashiv Peth;Pune;Maharashtra;411030;India
```

अर्धविरामांनी पाडलेले सात खण आहेत, त्यात रस्ता, शहर, राज्य, पिन, देश. घर की ऑफिस हे सांगायला जागा आहे. हा पत्ता कधीपासून कधीपर्यंत, हे सांगायला जागा नाही. शिवाय हे खण फोन अक्षरांनी ताडून पाहतो. त्यामुळे एका कार्डावर ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ आणि दुसऱ्यावर Sadashiv Peth, 411030 असेल तर पुणेकराला तो एकच पत्ता आहे हे डोळे मिटून कळतं, फोनला ते दोन वेगळे पत्ते वाटतात आणि तो दोन्ही ठेवतो.

म्हणून आधी विलीन करायचं आणि पत्ता नंतर दुरुस्त करायचा, हा क्रम मी पक्का धरला आहे. उलट केलं तर दुरुस्ती वाया जाते. आणि दुरुस्त करण्याआधी त्या माणसाला फोन लावायचा. मी माईला लावला, पत्ता वाचून दाखवला आणि पिन विचारला. बरं झालं विचारलं. आईने घातलेल्या नव्या पत्त्यात इमारत, फ्लॅट, कोथरूड, सगळं बरोबर होतं, पण खाली पिन 411030 च राहिला होता. जुन्याच रकान्यांवर नवी अक्षरं लिहिली की शेवटचा रकाना असाच सुटतो. कोथरूडचा पिन ४११०३८. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला तो पत्राची वाटणी आकड्यांवरून व्हावी म्हणूनच. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वाटणीचा जिल्हा, आणि शेवटच्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. शेवटचे तीन चुकले की कोथरूडचं पाकीट आधी पेठेच्या पोस्टात जाऊन पडणार, मग कुणी नीट वाचलं तर पुढे सरकणार. नवा पत्ता आणि जुना पिन ही चूक पूर्ण जुन्या पत्त्यापेक्षा वाईट, कारण वर वर पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

मग पेन्सिलच्या खुणेवर जाऊन वाड्याचा पत्ता शेजारच्या फुलीने काढून टाकला, बंद पडलेला लँडलाइन काढला, पिन बदलला. वाड्याचा पत्ता पुसताना आईचा जीव खालीवर झाला. तिचं माहेर होतं ते. तो मी कार्डाच्या `Notes` मध्ये एका ओळीत लिहून ठेवला, पुढे ‘वाडा, २०२४ पर्यंत’. तिथून तो कुणी पाकिटावर उतरवणार नाही. पुनर्विकासात तात्पुरत्या भाड्याच्या घरात गेलेल्यांसाठी याच्या उलट करता येतं. पत्त्याच्या लेबलात Home ऐवजी `Custom` निवडून ‘भाड्याचं घर’ असं लिहायचं आणि मुदत `Notes` मध्ये नोंदवायची.

काही बिघडलं तर सेटिंगमध्ये `Undo changes` आहे, आणि तीस दिवसांपर्यंत मागे जाता येतं. पण ते एका कार्डापुरतं नसतं. सगळ्या खात्याची घडी त्या क्षणाची होते, म्हणजे मधल्या काळात घातलेले नवे नंबरही जातात. म्हणून चूक झाली असेल तर ती त्याच दिवशी पाहावी. आम्ही जेवणं झाल्यावर लगेच दहा-बारा नावं उघडून तपासली.

कार्ड दुरुस्त झालं म्हणजे सगळीकडे दुरुस्त झालं असं मात्र नाही. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये माईसाठी दिवाळीला मागवलेल्या साडीचा पत्ता त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या वहीत असतो. बहिणीच्या लॅपटॉपवरची पत्रिकांची यादीही वेगळीच. ती दोन ठिकाणं हातानेच बदलावी लागली.

शेवटी कॉम्प्युटरवर contacts.google.com उघडून आईच्या खात्यात शोधाच्या चौकटीत 411030 टाकलं. माई त्यात येऊ नये, एवढंच बघायचं होतं. माई आली नाही. पण त्याच वाड्याच्या पत्त्यावर आणखी तीन नावं आली, काका, वरच्या मजल्यावरचे जोशी आजोबा आणि आईची बालमैत्रीण. वाडाच उरला नाही, तेव्हा हे तिघेही तिथे नाहीत हे उघड होतं. पत्रिका तिघांनाही गेल्या होत्या. आईने चष्मा लावला आणि पहिला फोन काकांना लावला.