खोट्याचे कुंपण

आईवरून शिवी दिली की हाणामारी होणार, असे आपण धरूनच चालतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांचा एक जुना खेळ मात्र याच्या नेमका उलट आहे. दोन मुले समोरासमोर उभी राहतात, एकमेकांच्या आईबापांवरून बोलतात, भोवतीचे मित्र हसतात आणि ज्याचा तोल आधी जातो तो हरतो. या खेळाला ‘डझन्स’ म्हणतात; न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्याला ‘साउंडिंग’ असेही नाव होते.

जॉन डोलार्ड या अभ्यासकाने १९३९ साली या खेळावर लेख लिहिला. गोऱ्यांवर काढता न येणारा राग ही माणसे आपापसांत काढतात, असा त्याचा एकंदर सूर होता. त्यात तथ्य असेलही. पण राग काढायचा तर वाक्य इतके घोटीव कशाला करायचे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते मिळते विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाकडे. १९६०च्या दशकात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी हार्लेममधील मुलांच्या टोळक्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि या शिव्यांचे नियम १९७२ साली मांडले.

त्यातला मध्यवर्ती नियम साधा आहे. शिवी उघडउघड खोटी हवी आणि ती खोटी आहे हे देणारा, घेणारा व ऐकणारे या सगळ्यांना ठाऊक हवे. मी माझेच उदाहरण घेतो. एक म्हणतो, ‘तुझी आई इतकी लठ्ठ की ती बसली की एस.टी.चं पुढचं चाक वर उचलतं.’ यावर ‘माझी आई लठ्ठ नाही’ असे म्हणणारा तिथेच संपला. कारण नाकारायचे ते खऱ्या आरोपाला. खरा गडी म्हणेल, ‘आणि ती एस.टी. ढकलायला लागली की तुझी आई एकटीच पुरते.’ समोरच्याचाच धागा उचलायचा आणि एक पीळ जास्त द्यायचा. निवाडा प्रेक्षकांचा, तो त्यांच्या हसण्यातून तिथल्या तिथे मिळतो. शिळे वाक्य टाकणाऱ्याला हशा मिळत नाही, आणि हशा नाही तर मानही नाही.

नियमाचे खरे मोल तो मोडतो तेव्हा कळते. लबॉव्हने नोंदवलेल्या एका सामन्यात दोन मुले एकमेकांच्या वडिलांवरून अशक्यप्राय गोष्टी रचत होती. कुठे काय उगवले आहे याच्या त्या कल्पना होत्या आणि मित्र हसत होते. मग एकाने दुसऱ्याच्या वडिलांच्या तोतरेपणाची नक्कल केली. ते खरोखरच तोतरे बोलत. दुसरा म्हणाला, बोलतात तोतरे, त्याचे काय? आणि त्याने उलट पहिल्याच्या वडिलांचे पांढरे केस काढले. तेही खरे होते. आता पहिला सांगू लागला की ते म्हातारे आहेत म्हणून केस पांढरे आहेत. दोघेही आता रचत नव्हते, खुलासे देत होते. खेळ संपला होता आणि भांडण सुरू झाले होते.

हा उतारा मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आमच्या चाळीच्या कठड्यावर संध्याकाळी आम्ही पोरे एकमेकांची टेर खेचत असू आणि मी त्यात वस्ताद समजला जाई. एकदा एका मित्राच्या वडिलांच्या चालण्याची मी नक्कल केली. ते पीत असत. सगळी चाळ ते जाणून होती. पोरे हसली. मित्र एवढेच म्हणाला, ‘त्यांना बरं नसतं.’ पुन्हा तो कठड्यावर आला नाही. त्याला विनोद सोसला नाही, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. त्या म्हाताऱ्या बापाविषयीचा खुलासा वाचला तेव्हा कळले, की नियम मी मोडला होता.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, ‘बोरीचा बार’ होतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. तिथे दिवस ठरलेला आणि मध्ये ओढा. शिवी कुठवर चालेल हे त्यांनीच आखून दिलेले असते. हार्लेमच्या गल्लीत ना तिथी, ना ओढा. तिथे कुंपण एकच, खोटेपणाचे, आणि ते दर वाक्याला नव्याने घालावे लागते.

म्हणूनच हा खेळ परक्यांमध्ये धोक्याचा. समोरच्याच्या घरी काय खरे आहे हे ठाऊक असल्याशिवाय सुरक्षित खोटे रचता येत नाही. शिवाय गरिबीच्या वस्तीत उपाशी चुलीवरची किंवा घरातल्या झुरळांवरची शिवी खरी ठरायला वेळ लागत नाही. या खेळात जो मान मिळतो तो केवळ जिभेच्या धारेचा नसतो. मित्राचे मर्म नेमके कुठे आहे हे जाणून, त्याच्या अगदी जवळून, त्याला न लागता जाणारे वाक्य टाकणाऱ्याचा तो मान असतो. मला मर्म माहीत होते. मी नेम तिथेच धरला.