"शेवटचं एकदा बघते": ब्रेकअपनंतरचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

रात्रीचे पावणेदोन. माझी मावसबहीण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अंथरुणात पडून व्हॉट्सॲपवर त्याचं नाव उघडून बसली होती. नावाखाली online असं आलं, गेलं, पुन्हा आलं. सकाळी सातला तिचा मला फोन. "ताई, एवढ्या रात्री तो कोणाशी बोलत असेल गं?" चार वर्षांचं नातं तुटून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

त्या अकरा दिवसांत तिला सल्ले भरपूर मिळाले होते. आईनं सांगितलं, मन घट्ट कर. मैत्रीण म्हणाली, सगळं डिलीट मार. ऑफिसातल्या एकीचं म्हणणं असं की एकदा सगळं बघून घे, म्हणजे जीव शांत होईल. बोलणाऱ्या सगळ्यांना तिच्याबद्दल माया होती, तरी यातलं बरंचसं चुकीचं होतं. तिच्या परवानगीनं तिचीच हकिकत सांगत एकेक गैरसमज घेते.

"एकदा बघितलं की शांत वाटेल"

वाटतं, पण मिनिटभरच. पुढच्या वेळी हात आणखी लवकर फोनकडे जातो, आणि त्यामागे साधं कारण आहे. उघडल्यावर दर वेळी काही मिळत असतं तर मन लवकर विटलं असतं. कधीच काही मिळत नसतं तर कंटाळलं असतं. इथे मात्र दहादा काहीच नसतं आणि अकराव्यांदा डीपी बदललेला दिसतो, किंवा ती व्यक्ती ऑनलाइन सापडते. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरांना असंच अनिश्चित अंतरानं दाणे मिळत. दाणे कधी मिळतील याचा नेम नसला की पक्षी न थकता टोचत राहत, आणि दाणे बंद झाल्यावरही ती सवय चिवटपणे टिकून राही. "लास्ट सीन" हा आपला दाणा आहे.

ब्रेकअपनंतरच्या संपर्काचाही अभ्यास झालेला आहे. डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी नुकतंच नातं तुटलेल्या तरुणांच्या मनःस्थितीच्या रोजच्या नोंदी २८ दिवस घेतल्या. ज्यांचा जुन्या जोडीदाराशी संपर्क चालू होता, त्यांचं प्रेम आणि दुःख दोन्ही सावकाश ओसरत होतं. तारा मार्शल यांनी २०१२ साली ४६४ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. फेसबुकवर जुन्या जोडीदाराच्या पानावर जास्त नजर ठेवणाऱ्यांमध्ये यातना आणि ओढ जास्त आढळली. बघण्यामुळे दुःख वाढतं की दुःखी माणूसच जास्त बघतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. मला विचाराल तर दोन्ही खरं असावं, आणि दोन्ही एकमेकांना वाढवत असावेत.

माझ्या बहिणीला सगळ्यात जास्त कशानं रडवलं असेल, तर जुन्या चॅटमधल्या साध्या ओळींनी. "येताना दूध आणू का?" "छत्री घेतलीस ना?" प्रेमाच्या मोठ्या मेसेजांपाशी ती फारशी थांबतही नसे.

"इच्छा दाबली तर ती वाढतच जाते"

सुटका अडते ती बहुधा याच समजुतीपाशी. वस्तुस्थिती अशी की फोन बघण्याची ऊर्मी लाटेसारखी येते, चढते आणि काही न करताही उतरते. व्यसनमुक्तीचं काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट रुग्णांना हेच शिकवत: लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यापुढे शरणही जायचं नाही, ती अंगात कुठे जाणवते ते बघत राहायचं. ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. हेलन फिशर यांच्या गटानं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रेमात नुकताच नकार मिळालेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. कोकेनच्या तलफेशी जोडले गेलेले काही भाग तेव्हा कार्यरत दिसले. पंधरा म्हणजे थोडे लोक हे खरं, पण ब्रेकअप सोसलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही.

मात्र विचारच करायचा नाही असं ठरवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती उलटते. "पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका" असं सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वलच पुन्हा पुन्हा येत होतं, हे डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली दाखवलं. म्हणून बहिणीला मी "विसर" असं म्हटलं नाही. उशाशी वही ठेव आणि बघितलंस की एक रेघ ओढ, एवढंच सांगितलं. बघायला बंदी नाही.

पहिल्या सोमवारी ४३ रेघा झाल्या. त्यांतल्या २७ रात्री अकरा ते एकच्या दरम्यानच्या होत्या. म्हणजे दिवसभराचा वाटणारा प्रश्न मुख्यतः दोन तासांचा आणि एका जागेचा, अंथरुणाचा, निघाला. मग आम्ही एकच वाक्य ठरवलं: "अंथरुणात हात फोनकडे गेला, तर मी उठून तो स्वयंपाकघरातल्या चार्जरला लावीन आणि वहीत वेळ लिहीन." "बघणार नाही" हा निश्चय मोघम असतो. "असं झालं तर मी तसं करीन" हे नेमकं ठरलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा "जर-तर" योजनांचा बराच अभ्यास केला, आणि नुसत्या निश्चयापेक्षा त्या अधिक पाळल्या जातात असं त्यांना आढळलं.

वहीतली पहिली नोंद: ११:२० ला वाटलं, ११:३७ ला गेलं. सतरा मिनिटं. त्या रात्री साडेबाराला पुन्हा एक लाट आली, ती नऊ मिनिटांची. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असेल. पण ऊर्मीला शेवट असतो, हे तिनं स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिलं.

त्या शनिवारी एकदम ५८ रेघा. ती घाबरली, मला म्हणाली, "ताई, मी आणखी बिघडले." बिघडली नव्हती. सवयीला मिळणारा मोबदला थांबला की ती सुटण्याआधी कधीकधी एकदा जोरात उसळते. बंद पडलेल्या लिफ्टचं बटण आपण सोडून देण्याआधी पाच-सहा वेळा दाबतो ना, तसंच. या उसळीत धोका एकच. तेव्हा हार मानली, तर जास्त जोरानं मागितलं की मिळतं, असं मन शिकतं. पुढच्या बुधवारी रेघा १२ वर आल्या. दोघांची ओळख झाली होती त्या तारखेला त्या पुन्हा २२ झाल्या, आणि दोन दिवसांत खाली गेल्या. अशा तारखांची उसळ आधीच धरून चालावं.

"ब्लॉक करणं म्हणजे बालिशपणा"

कुणी रागानं ब्लॉक करतं, दाखवायला अनब्लॉक करतं, पुन्हा ब्लॉक करतं. तो खेळ थकवणारा असतोच. पण रात्री पावणेदोनला मनाच्या जोरावर विसंबणं कठीण, म्हणून दाणाच दिसू नये अशी सोय दिवसा करून ठेवलेली बरी. त्यासाठी ब्लॉक करणंच एक मार्ग नाही.

पुष्कळांना ठाऊक नसतं, की व्हॉट्सॲपवर आपण आपलं "लास्ट सीन" आणि "ऑनलाइन" लपवलं की दुसऱ्याचंही आपल्याला दिसत नाही. सेटिंग्जमध्ये Privacy, तिथे Last seen and online, वरच्या भागात Nobody आणि खालच्या भागात Same as last seen. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्या बहिणीला सगळ्यात मोठा आराम यानं पडला, कारण तिला मेसेज वाचण्यापेक्षा "तो आत्ता जागा आहे का" हेच छळत होतं. त्यानंतर चॅट आर्काइव्ह करावं आणि त्या व्यक्तीचं स्टेटस म्यूट करावं. इन्स्टाग्रामवरही पोस्ट आणि स्टोरी म्यूट करता येतात, आणि समोरच्याला ते कळत नाही.

ब्लॉक केलंत तरी जुनं चॅट फोनमध्ये तसंच राहतं, आणि दोघं असलेल्या ग्रुपमध्ये ती व्यक्ती दिसत राहते. शिवाय कितीतरी ठिकाणी नाव अचानक समोर येतं. बहिणीला भाजीचे पैसे देताना यूपीआय ॲपमध्ये पहिल्या रांगेत त्याचंच नाव दिसायचं. गूगल फोटोजच्या आठवणींतून एखाद्या व्यक्तीचा चेहरा किंवा ठरावीक तारखा लपवता येतात. अशा जागांची यादी कागदावर काढून एका दुपारी निकाल लावावा, सोबत कुणी असेल तर बरं.

एकाच ऑफिसात काम असेल, मूल असेल, घराचं भाडं किंवा कर्ज अडकलं असेल, तर संपर्क तोडता येत नाही. तिथे बोलणं कामापुरतं आणि शक्यतो ई-मेलवर ठेवावं, म्हणजे रोजचं मेसेजचं ॲप त्या नावापासून मोकळं राहतं.

"पासवर्ड त्यानंच दिला होता"

बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर त्याचं व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलं होतं. दोन रात्री तिनं त्याचे दुसऱ्यांशी झालेले मेसेज वाचले, मग स्वतःच लॉग आउट केलं. नात्यात असताना दिलेला पासवर्ड ही कायमची परवानगी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क प्रमाणे (इंग्रजी क्रमातलं सी) दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एखादा पुरुष स्त्रीच्या इंटरनेट किंवा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. आपल्या बाजूनं काळजी म्हणून व्हॉट्सॲपमधलं Linked devices उघडून अनोळखी किंवा जुनी उपकरणं काढून टाकावीत.

"सगळं ताबडतोब डिलीट मारावं"

समोरची व्यक्ती धमक्या देत असेल, खासगी फोटो पसरवीन म्हणत असेल, पैसे मागत असेल, तर एकही मेसेज पुसू नका. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घ्या, Export chat करून प्रत विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, मग ब्लॉक करा. तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.

असं काही नसेल तरी घाई नको. रडत पुसलेलं चॅट नंतर हवंसं वाटतं, आणि मग ते परत मिळवायच्या निमित्तानं बोलणं सुरू होतं. बहिणीनं चॅट एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घेतलं, पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवलं आणि मग फोनमधून काढलं. हवं असेल तर माझ्या घरी यायचं, चहा घ्यायचा, मागायचं. तेवढं अंतर पुरलं.

"खरं प्रेम असेल तर वर्ष-दोन वर्षं सावरता येत नाही"

पॉल ईस्टविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तरुणांना नातं तुटण्याआधीच विचारलं होतं की तुटलं तर किती दुःख होईल. प्रत्यक्षात ज्यांचं तुटलं, त्यांना अंदाजापेक्षा कमी त्रास झाला. ज्यांचं प्रेम जास्त होतं त्यांचा अंदाज जास्त चुकला. अर्थात तिथली नाती तरुणांची होती. लग्न मोडणं किंवा फसवणूक होणं याला तो मापदंड लावू नये.

बहीण म्हणाली होती, वर्षभर तरी जेवण जाणार नाही. सातव्या आठवड्यात ती वहीत रेघ ओढायला विसरली आणि ते तिच्या दोन दिवसांनी लक्षात आलं. उलट काही आठवडे गेल्यावरही झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल, किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर वही आणि सेटिंग्ज पुरत नाहीत. तेव्हा वाट न बघता टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.