गल्ला मोजताना हिशेबाचा आकडा आधी पाहू नका

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलं की बहुतेक दुकानांत एकच गोष्ट घडते. मालक किंवा कॅशियर संगणकावर दिवसाची विक्री पाहतो, गल्ल्यात किती असायला हवेत याचा अंदाज बांधतो आणि मग नोटा मोजायला घेतो. माझ्या मते रोखमेळातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तेरा हजार आठशे यायला हवेत हे डोक्यात पक्कं असलं की हात तिथवरच मोजतात. दोनशे कमी भरले तर माणूस पुन्हा मोजतो. बरोबर भरले तर दुसऱ्यांदा मोजत नाही, मग पहिल्या मोजणीत चूक असली तरी. म्हणून क्रम उलटा हवा. आधी गल्ला मोजायचा, कागदावर लिहायचा, मोजणाऱ्याने सही करायची आणि त्यानंतरच हिशेबाचा आकडा उघडायचा.

मोजणीआधी बिलिंग पूर्ण थांबवावं. ‘एवढं एकच गिऱ्हाईक’ म्हणून मध्येच घेतलेले साठ रुपये हिशेबात येतात आणि मोजलेल्या गड्डीत येत नाहीत, किंवा नेमकं याच्या उलट होतं. मग गल्ल्यातल्या चिठ्ठ्या बाहेर काढाव्यात. ‘हमाल २४०’, ‘दादांनी १००० नेले’ अशा चिठ्ठ्या नोटांच्या खालीच सापडतात. त्या रोकड नव्हेत, खर्चाचे आणि उचलीचे पुरावे आहेत. त्या वेगळ्या ठेवायच्या.

आता एका तालुक्याच्या गावातल्या जनरल स्टोअरचा एक दिवस घेऊ. दुकान आणि आकडे कल्पनेतले आहेत, पण असा दिवस कुठल्याही दुकानात येतो. मोजणीच्या कागदावर असं उतरलं: पाचशेच्या १९ नोटा, दोनशेच्या ७, शंभराच्या १६, पन्नासच्या ८, विसाच्या १२, दहाच्या १९ आणि नाणी ११५ रुपयांची. एकूण १३,४४५ रुपये. किमतीप्रमाणे गड्ड्या लावल्याचा फायदा असा की एकूण आकडा चुकला तर नेमकी कोणती ओळ चुकली ते कळतं. पाचशेच्या गड्डीत दोनशेची एक नोट शिरली असेल तर हिशेब तीनशेने फसतो. म्हणून प्रत्येक गड्डी एकदा सुलट आणि एकदा उलट मोजावी.

हिशेबाची बाजू वेगळी मांडायची. दिवसाची एकूण बिलं ३८,६४० रुपयांची. त्यांतली १७,२१५ रुपयांची यूपीआयची, २,४८० कार्डाची आणि ३,१५० उधारीची. उरलेली १५,७९५ रुपयांची रोख विक्री. सकाळी गल्ल्यात सुट्ट्या पैशांसाठी २,००० होते आणि दिवसभरात जुन्या उधारीचे १,८०० रोख आले. म्हणजे यायची बाजू १९,५९५ झाली. आता जाणारी बाजू: फरसाणवाल्याला ४,५००, हमाली २४० आणि मालकांनी घरी नेलेले १,०००, असे ५,७४०. गल्ल्यात १३,८५५ असायला हवे होते. मोजणीत भरले १३,४४५, म्हणजे ४१० रुपये कमी.

या क्षणी पहिला संशय माणसावर जातो. तो तिथेच थांबवून आधी कागद तपासावेत. सगळ्यात सोपी जागा म्हणजे यूपीआय. ‘आलं, आलं’ म्हणणाऱ्या साउंडबॉक्सवर किंवा गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये. व्यापारी ॲपमधली दिवसभराची यादी काढून ती बिलांशी जुळवावी. आपल्या दुकानात त्या यादीत १७,५७५ रुपये दिसले, म्हणजे बिलांपेक्षा ३६० जास्त. इकडे रोकड ४१० ने कमी आणि तिकडे यूपीआय ३६० ने जास्त. संध्याकाळच्या गर्दीत कुणीतरी ३६० चं बिल ‘रोख’ म्हणून टाकलं आणि गिऱ्हाइकाने पैसे मात्र स्कॅन करून दिले. यादीत त्या रकमेची नोंद सापडली आणि त्याच मिनिटाचं ‘रोख’ बिलही निघालं. ते दुरुस्त करताच रोकड असायला हवी १३,४९५. आता फरक उरला पन्नासचा.

फरकाचा आकडाही काही सांगतो. तो ९ ने पूर्ण भागला जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते: ४८० ऐवजी ८४० लिहिलं की फरक ३६० चाच येतो. फरक एखाद्या नोंदीच्या बरोबर दुप्पट असेल तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेली का ते पाहावं, म्हणजे खर्च जमेत किंवा जमा खर्चात. या खुणांनी शोध सुरू कुठून करायचा ते कळतं, पण त्या पुरावा नव्हेत. आपल्या ३६० लाही ९ ने भाग जातो, तरी कारण निराळंच निघालं.

राहिलेल्या पन्नासचं काय? पंधरा-वीस मिनिटं शोधून कारण मिळालं नाही तर ते ‘तूट ५०’ असं लिहावं. खिशातून घालून गल्ला जुळवू नये आणि ‘चहापाणी’ म्हणून खर्चातही दाखवू नये. वहीत तारीख, पाळी, असायला हवी होती ती रक्कम, मोजलेली रक्कम, फरक, सापडलेलं कारण, न सापडलेला भाग आणि दोघांच्या सह्या असाव्यात. ही वही कॅशियरसाठीही आधार असते. पगारातून तूट कापायची म्हटलं तर कामगार कायद्यानुसार ती त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाल्याचं दिसावं लागतं आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. रागाच्या भरात कापलेले पैसे हा उपाय नाही. त्या भीतीने माणसं तूट लपवायला शिकतात.

वाढही तितक्याच गांभीर्याने लिहायची. गल्ल्यात ७० रुपये जास्त निघाले म्हणजे बरं झालं, असं नाही. कुणा गिऱ्हाइकाला सुट्टे कमी दिले गेले असतील किंवा एखादी विक्री बिलाशिवाय झाली असेल. सुट्ट्यांऐवजी दिलेल्या चॉकलेटांची बिलं न केल्यानेही असे पाच-दहा रुपये साचत जातात. वारंवार वाढ येणं ही मला तुटीपेक्षा जास्त काळजीची वाटते. बिल न करता घेतलेला पैसा गल्ल्यात जमू द्यायचा आणि नंतर उचलायचा, ही चोरीची जुनी रीत आहे. महिनाभराची वही एकत्र पाहिली की खरं चित्र दिसतं. हाताच्या चुका दोन्ही बाजूंना होतात, कधी दहा जास्त, कधी वीस कमी. फरक सतत एकाच बाजूला, एकाच पाळीत किंवा शंभर-दोनशेच्या पूर्ण आकड्यात येत असेल तर तिथे बसून बिलं तपासावीत.

मोजताना संशयास्पद नोट सापडली तर ती बाजूला काढून बँकेत दाखवावी. खोटी ठरली तर बँक ती जप्त करून पावती देते, बदली पैसे मिळत नाहीत. खोटी आहे हे कळल्यावरही ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती ठेवणं हा गुन्हा आहे.

शेवटी वाटणी. पाचशे आणि दोनशेच्या सगळ्या नोटा आणि शंभराच्या ६ मिळून ११,५०० रुपये भरणा पावतीसह तिजोरीत, सकाळी बँकेत. शंभराच्या उरलेल्या १०, खालच्या सगळ्या नोटा आणि नाणी मिळून १,९४५ गल्ल्यात. उद्याची आरंभीची शिल्लक १,९४५ लिहायची, २,००० नाही. सकाळी शक्यतो दुसऱ्या माणसाने पहिलं बिल करण्याआधी ती रक्कम मोजावी. तेव्हा ती कमी भरली तर तो फरक रात्रीच्या मोजणीतला किंवा रात्रीतला आहे. एकदा विक्री सुरू झाली की तो दिवसभराच्या व्यवहारात मिसळून जातो आणि मग शोधता येत नाही.