घास अडकेल किंवा उलटी होईल, या भीतीने जेवण का सुटतं?

समजा, २४ वर्षांच्या एका मुलीला ऑफिसमध्ये डबा खाताना जोराचा ठसका लागला. पोळीचा घास घशात अडकला, क्षणभर श्वास कोंडला, मग खोकल्यासरशी घास बाहेर आला. दुसऱ्या दिवसापासून तिने पोळी सोडली. मग कोरडी भाजी आणि फरसाणही बंद झालं. दोन महिन्यांत ती ताकभातावर आली. हॉटेलात जायचं म्हटलं की पोट बिघडल्याचं कारण सांगू लागली. घरच्यांना वाटलं, डाएट चालू आहे.

पण तिला बारीक व्हायचं नाही. तिला भीती आहे ती घास अडकण्याची. अशा भीतीमुळे खाणं इतकं कमी झालं की वजन, पोषण किंवा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो, तर त्या आजाराला 'आर्फिड' म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या ग्रंथात २०१३ साली हे नाव आलं.

ही भीती वाढते कशी? घाबरल्यावर तोंड कोरडं पडतं, घसा आवळल्यासारखा होतो आणि गिळणं खरंच जड जातं. मग तिला वाटतं, 'बघा, घशात काहीतरी आहे!' ती घासागणिक पाणी पिते, एकेक घास खूप वेळ चावते. काहीच अडकत नाही, पण त्याचं श्रेय ती पाण्याला देते. साधा घासही नीट उतरतो, हे कळण्याची संधीच मिळत नाही.

उलटीच्या भीतीचंही असंच आहे. भीतीने मळमळतं आणि मळमळलं की उलटी होणार असं वाटतं. मग बाहेरचं खाणं बंद होतं आणि घरचं अन्नही पुन्हा पुन्हा हुंगून बघितलं जातं.

आधी डॉक्टरांकडून घसा आणि अन्ननलिका तपासून घ्यावी. गिळताना दुखणं, घास छातीत अडकणं, पाणी पितानाही ठसका लागणं किंवा त्रास वाढत जाणं, ही शारीरिक आजाराची लक्षणं असू शकतात. वजन झपाट्याने घटत असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबू नये.

तपासणीत काही निघालं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ भीतीची शिडी बनवतात. या मुलीसाठी ती अशी असेल: मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, पोळी-भाजी, घरी वडापाव आणि शेवटी मैत्रिणींसोबत हॉटेल. एका पायरीवरची भीती आटोक्यात येईपर्यंत तोच पदार्थ पुन्हा पुन्हा खायचा. सोबत घासागणिक पाणी पिणंही हळूहळू कमी करायचं.

घरच्यांनी 'खा गं, काही होत नाही' म्हणत पोळी पुढे ढकलली, तर मधल्या पायऱ्या गळतात आणि भीती वाढते. आज कोणती पायरी, हे तिला ठरवू द्यावं. त्या जेवणाला सोबत बसावं आणि तिच्या घासांकडे टक लावून बघू नये.