पाकिटाची मागची बाजू

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ट्रंकेत तुला सापडलेलं आजीचं पाकीट तू पुढून वाचलंस. आता उलटं कर. आम्ही पोस्टमन मागूनच वाचायचो.

पुढे तिकिटावर परळचा शिक्का आहे, ३ मे १९७१. लाल पेटी उघडून टपाल थैलीत भरून पोस्टात न्यायचं, सगळी पाकिटं तिकीट एका कोपऱ्यात येईल अशी सारखी लावायची आणि मग ठकठक शिक्के मारायचे. त्या शिक्क्याने तिकीट रद्द व्हायचं आणि तारीखही लागायची.

रात्री थैली रेल्वेच्या टपाल डब्यात चढायची. या खात्याला आम्ही आर.एम.एस. म्हणायचो. डब्याच्या भिंतीला लाकडी खण असत, एकेका गावाचा एकेक. हलत्या गाडीत सॉर्टर उभ्यानं पत्ता वाचून पत्र खणात टाकायचा. खणातल्या पत्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधायचा, थैलीत घालायचा, तोंडावर लाखेची मोहोर लावायची. स्टेशन आलं की थैली खाली. पत्र चुकायचं ते बहुधा इथंच, कारण पत्ता वाचायला फार तर एक-दोन सेकंद मिळायचे.

आता मागचा पहिला शिक्का बघ, ४ मे, वडगाव. पण हे मावळातलं वडगाव! आजीला हवं होतं कराडजवळचं वडगाव हवेली. तिनं ना तालुका लिहिला ना जिल्हा, नुसतं 'मु. पो. वडगाव'. सॉर्टरला दोष कसा द्यायचा? महाराष्ट्रात वडगावं किती, मोजून बघ. मावळातल्या पोस्टमनला त्या नावाचं घर सापडलं नाही. त्यानं 'कराड पाहा' असं पेन्सिलीनं लिहून पत्र परत थैलीत टाकलं. आडनावावरून ओळखलं असणार. आम्हाला अशी माहिती असायची. मागचा दुसरा शिक्का कराडचा, ६ मे. तिथून ते गावी बटवड्याला गेलं.

अशा गोंधळावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. कराडचा पिन ४१५११०. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन बटवडा करणारं पोस्ट. म्हणजे सॉर्टरला गावाचं नाव कळलं नाही तरी चालायचं. पण लोकांनी तो लिहायला पुढे बरीच वर्षं घेतली, आणि तोवर आम्ही आडनावंच पाठ करत राहिलो.

आणि हो, पाकिटाच्या कडेला तेलाचा डाग आहे ना? तो टपाल खात्याचा नाही, तुझ्या आजीचा. लाडू करताना लिहीत होती.

उत्तर लिहिशील तर पिनकोड घाल.

तुझे
आजोबा