पंधरा व्होल्ट, दोन अँपिअर आणि उरलेली उष्णता

बेंच पॉवर सप्लायच्या पुढच्या पट्टीवर दोन नॉब असतात. एकाने व्होल्टेज ठरवायचं, दुसऱ्याने करंटची मर्यादा. घरी सप्लाय बांधणारा माणूस पहिल्या नॉबवर फार जीव लावतो, दुसऱ्याकडे जरा उशिरा पाहतो आणि मागच्या बाजूचा हीटसिंक बहुतेक वेळा हातात असेल तो लावून मोकळा होतो. मला हा क्रम उलटा हवासा वाटतो. सप्लाय किती वर्षं टिकणार आणि त्याला जोडलेलं सर्किट वाचणार की नाही, हे त्या मागच्या ॲल्युमिनियमवर ठरतं.

त्यासाठी आत काय चालतं ते आधी बघू. उदाहरण ० ते १५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त २ अँपिअर देणाऱ्या सप्लायचं घेऊ. शिकणाऱ्याला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला आणि छोटे प्रकल्प करणाऱ्याला एवढा पुरतो. घरातली २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्ट एसीवर आणतो. ब्रिज रेक्टिफायर तिला एका दिशेची करतो आणि ६८०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिच्यातले चढउतार भरून काढतो. १८ व्होल्ट एसीचं शिखर २५ व्होल्टच्या थोडं वर जातं. त्यातले दोनेक व्होल्ट डायोडमध्ये जातात. पूर्ण २ अँपिअर ओढले की कपॅसिटरवर सुमारे ३ व्होल्टची लहर उरते, म्हणजे सरासरी २२ व्होल्ट हातात येतात. या कच्च्या २२ व्होल्टमधून आपल्याला हवे तेवढे पुढे सोडायचे आणि बाकीचे अडवून धरायचे, हे काम पास ट्रान्झिस्टरचं. हौशी लोकांचा जुना सोबती २एन३०५५ इथे चालतो. १९६० च्या दशकात आरसीए कंपनीने आणलेला, दोन स्क्रूंनी बसणारा हा धातूच्या टोपीतला ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही मागितला की मिळतो.

या ट्रान्झिस्टरला हुकूम देणारे दोन ॲम्प्लिफायर असतात. पहिला आउटपुटचं व्होल्टेज नॉबशी ताडून पाहतो. दुसरा करंटच्या वाटेवर बसवलेल्या एका लहान रेझिस्टरवरचं व्होल्टेज पाहतो. ०.२२ ओहमचा रेझिस्टर असेल तर २ अँपिअरला त्यावर ०.४४ व्होल्ट पडतात. दोघेही एकाच ट्रान्झिस्टरच्या बेसला डायोडमधून जोडलेले असतात आणि प्रत्येकाला तो फक्त बंद करण्याकडे ओढता येतो. एकाच कालव्याच्या झडपेवर दोन पाटकरी असावेत आणि जो जास्त बंद करेल त्याचं चालावं, तसं हे आहे. लोड हलका असला की व्होल्टेजवाला राज्य करतो. लोडने मर्यादेपेक्षा जास्त मागितलं की करंटवाला पुढे येतो आणि करंट तिथेच धरून व्होल्टेज खाली येऊ देतो. आउटपुटच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी २ अँपिअरच वाहतात आणि व्होल्टेज शून्यापाशी येतं.

या संरक्षणाला एक छिद्र आहे. पुष्कळ जण आउटपुट गुळगुळीत राहावं म्हणून तिथे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. हा कपॅसिटर करंट मोजणाऱ्या रेझिस्टरच्या पलीकडे असतो. नॉब २० मिलिअँपिअरवर ठेवून, १२ व्होल्टला तापलेल्या टर्मिनलवर एलईडी टेकवली, तर कपॅसिटरमधला साठा क्षणात तिच्यातून रिकामा होतो आणि एलईडी जाते. मर्यादा घालणाऱ्या सर्किटला ते कळतही नाही. म्हणून आउटपुटला १० ते ४७ मायक्रोफॅरडच ठेवावेत, आणि नाजूक वस्तू आधी जोडून मग व्होल्टेज शून्यापासून वाढवावं.

आता उष्णता. पास ट्रान्झिस्टरमध्ये किती वॅट जळतात हे काढणं सोपं आहे: त्याच्यावर अडलेले व्होल्ट गुणिले त्यातून वाहणारा करंट. १५ व्होल्ट आणि २ अँपिअर देताना त्याच्यावर ७ व्होल्ट अडतात, म्हणजे १४ वॅट. हा आकडा पाहून हीटसिंक घेणाराच फसतो. त्याच सप्लायवर ३.३ व्होल्टचं सर्किट २ अँपिअरने चालवा, उष्णता ३७ वॅटवर जाते. शॉर्ट झाल्यावर सगळे २२ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर येतात आणि ४४ वॅट होतात. घरात २३० ऐवजी २५३ व्होल्ट आले, आणि रात्री उशिरा ते येतातही, तर हाच आकडा ५० ला टेकतो. बाहेर जितकं कमी द्यायचं तितकं आत जास्त जळतं, हा लिनियर सप्लायचा स्वभावच आहे.

आणि यात चूक झाली तर शिक्षा ट्रान्झिस्टरपुरती राहत नाही. अति तापलेला पास ट्रान्झिस्टर मरताना बहुधा आतून शॉर्ट होतो. मग तो काहीच अडवत नाही. ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवर २२ व्होल्ट जातात आणि करंटची मर्यादाही त्याच ट्रान्झिस्टरबरोबर गेलेली असते.

उष्णतेचा हिशेब ओहमच्या नियमासारखाच चालतो. वॅट म्हणजे प्रवाह, तापमानातला फरक म्हणजे दाब आणि वाटेतला प्रत्येक टप्पा म्हणजे अडथळा, जो 'दर वॅटमागे किती अंश' असा मोजतात. २एन३०५५ मध्ये आतल्या जंक्शनपासून टोपीपर्यंत हा अडथळा सुमारे दीड अंश आहे. टोपी म्हणजेच कलेक्टर असल्यामुळे ती हीटसिंकपासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवायला मध्ये अभ्रकाचा पातळ वॉशर घालतात. दोन्ही बाजूंनी थर्मल पेस्ट असेल तर तो आणखी ०.४ अंश घेतो. हीटसिंकपर्यंत पोहोचण्याआधीच दर वॅटमागे १.९ अंश खर्च झाले.

५० वॅट एकाच ट्रान्झिस्टरवर टाकले तर जंक्शन हीटसिंकपेक्षा ९५ अंशांनी गरम राहील. कागदावर या ट्रान्झिस्टरची हद्द २०० अंश आहे, पण दीर्घायुष्य हवं असेल तर १५० च्या वर जाऊ नये. म्हणजे हीटसिंक ५५ अंशांच्या आत राहायला हवा. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४५ अंशांवर जाते. उरलेल्या १० अंशांत ५० वॅट हवेत सोडायचे, तर हीटसिंकचा अडथळा ०.२ अंश हवा. असा हीटसिंक मोठ्या पंख्याशिवाय जमत नाही. अडचण ॲल्युमिनियम कमी असण्याची नाहीच, सगळी उष्णता एका अरुंद दारातून काढण्याची आहे.

म्हणून दोन ट्रान्झिस्टर समांतर लावायचे. प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टर हवाच. ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच बेस व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, त्यामुळे आणखी तापतो, आणि रेझिस्टर नसेल तर हळूहळू सगळा भार एकटाच उचलतो. आता प्रत्येकी २५ वॅट झाले आणि जंक्शन हीटसिंकपेक्षा ४८ अंशच वर राहिलं. हीटसिंकला ८० अंशांपर्यंत जाऊ द्यायचं ठरवलं (याहून गरम धातू चुकून हात लागणाऱ्या जागी नको), तर जंक्शन १२८ वर थांबतं. हीटसिंकसाठी ३५ अंशांत ५० वॅट, म्हणजे ०.७ अंशाचा अडथळा. जमेल, पण तुकडा मोठा आणि महाग येईल.

त्याआधी उष्णताच कमी करता येते. ट्रान्सफॉर्मरला १८ बरोबर १२ व्होल्टचा टॅप घ्या आणि आउटपुट ७.५ व्होल्टच्या वर गेलं की रिलेने १८ वर, ७ च्या खाली आलं की १२ वर न्या. मधला अर्धा व्होल्ट रिले सारखी टकटक करू नये म्हणून. आता शॉर्ट झाल्यावर, वीज चढी असतानाही, ३० वॅटच होतात. सगळ्यांत वाईट जागा मात्र सरकली. वरून खाली येताना आउटपुट ७ व्होल्टच्या जरा वर असतं तेव्हा १८ चा टॅप अजून चालू असतो आणि ३५ वॅट जळतात. ज्याने फक्त शॉर्ट करून पाहिलं त्याला ही जागा दिसणार नाही.

३५ वॅट, ३५ अंश. हीटसिंकचा अडथळा हवा १ अंश. बाजारातल्या कापून मिळणाऱ्या तुकड्यावर हा आकडा लिहिलेला नसतो, पण अंदाज बांधता येतो. स्थिर हवेत पात्यांचा एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशाला साधारण ७ वॅट सोडतो. म्हणजे आपल्याला १४३० चौरस सेंटिमीटर हवेत. १५ सेंटिमीटर रुंद आणि १० उंच पाठीवर ४ सेंटिमीटर बाहेर आलेली १६ पाती घेतली, तर प्रत्येकाच्या दोन बाजू मिळून ८० आणि पाठीचे १५०, बरोबर तेवढे होतात. पाती उभी असावीत म्हणजे गरम हवा वर निघून जाते, आणि हीटसिंक डब्याच्या बाहेर असावा. डब्यात कोंडला तर ४५ अंशांचा हिशेब तिथेच मोडतो.

हे सगळं मोजून पाहता येतं. आउटपुटला २५ वॅटचा ३.९ ओहमचा रेझिस्टर लावा, तो कशाला टेकणार नाही असा ठेवा, आणि करंटची मर्यादा २ अँपिअरवर आणा. आउटपुट ७.८ व्होल्टला स्थिरावेल आणि आत सुमारे २८ वॅट जळतील. तापमान चढायचं थांबेपर्यंत, तासभर, चालू द्या. मग मल्टिमीटरच्या तापमानाच्या प्रोबने खोली, ट्रान्झिस्टरजवळचा हीटसिंक आणि दोन्ही टोप्या मोजा. हीटसिंक खोलीपेक्षा २८ अंशांच्या आसपास वर हवा. पाहायची ती ही वाढ, नुसता आकडा नव्हे. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तो ७० ला टेकला तर अनेकांना ठीक वाटतं, पण ती ४५ अंशांची वाढ आहे. ३५ वॅटला ती ५६ होते आणि मे महिन्यात हीटसिंक १०० च्या पुढे जातो.

टोपी हीटसिंकपेक्षा ५-६ अंशच जास्त असावी. १५ दिसले तर अभ्रकाखाली पेस्ट नाही किंवा स्क्रू सैल आहे. एक टोपी दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर करंट सारखा वाटला जात नाही, तेव्हा एमिटरचे रेझिस्टर आणि त्यांचे सांधे तपासा. टोपीचं तापमान सगळं बरोबर सांगत असूनही ट्रान्झिस्टर या चाचणीतच गेला, तर तो नकली असण्याची शक्यता मोठी. वरून तोच छाप आणि आत चिप मात्र लहान, त्यामुळे जंक्शन ते टोपी हा दीड अंशांचा अडथळा त्यात खूप जास्त असतो आणि तो बाहेरून मोजता येत नाही. म्हणून ही चाचणी आउटपुटला रेझिस्टर लावूनच करायची, सर्किट जोडून कधीच नाही.